कार्यालयात वाजवी सोय मागण्याचा अर्ज कसा लिहावा

दिव्यांग कर्मचाऱ्याला अजूनही सांगितलं जातं की अर्जाच्या शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असं लिहा. हा सल्ला मानू नका. त्या वाक्याने निर्णय साहेबांच्या मर्जीवर जातो आणि मर्जीने मिळालेली सवलत साहेबांची बदली झाली की संपते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० नुसार दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय, म्हणजे काम करता यावं यासाठी लागणारा बदल, पुरवणं प्रत्येक सरकारी आस्थापनेला बंधनकारक आहे, आणि कलम २ मधल्या व्याख्येनुसार ती नाकारणं हाच भेदभाव ठरतो. अर्ज या पायावर उभा करायचा.

१. कागदपत्रं

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा युडीआयडी कार्ड जोडा. उपचारांची अख्खी फाइल जोडू नका, तिची गरज नसते. ‘दिव्यांगत्व ४० टक्के भरत नाही, म्हणून सोय नाही’ हे उत्तर चुकीचं आहे. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केलं की वाजवी सोयीचा हक्क या अटीला बांधलेला नाही.

२. अडथळ्याचा परिच्छेद

बहुतेक अर्ज इथेच फसतात. लोक आजाराचं नाव, टक्केवारी आणि होणारा त्रास लिहितात आणि शेवटी ‘योग्य त्या सोयी मिळाव्यात’ म्हणतात. असा अर्ज वाचून आस्थापना शाखेला काय करायचं ते कळत नाही. मग ती सोपा मार्ग काढते आणि त्या माणसाचं काम काढून घेते. बाजूला बसवून पगार देणं म्हणजे वाजवी सोय नव्हे, ते दयेचंच दुसरं रूप आहे.

म्हणून तीनच गोष्टी लिहा, त्याही याच क्रमाने: माझं काम कोणतं, ते नेमकं कुठे अडतं, काय बदललं की ते होईल.

अल्पदृष्टी असलेल्या एका लिपिकाचं उदाहरण घेऊ. परिपत्रकं वाचून टिप्पणी तयार करणं हे त्याचं काम. तो एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारा मोफत स्क्रीन रीडर वापरतो. ‘मला वाचता येत नाही’ असं त्याने लिहिलं तर कार्यालय मोठा मॉनिटर देईल आणि अडचण तशीच राहील, कारण अडथळा फाइलींमध्ये आहे. परिपत्रक छापून, सही करून स्कॅन केलं की त्याचं चित्र होतं आणि स्क्रीन रीडरला त्यात वाचायला मजकूरच सापडत नाही. हे ओळखणं सोपं आहे: माउसने एखादी ओळ निवडून बघा, निवडली जात नसेल तर ते चित्र आहे. दुसरा अडथळा जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटचा. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरं वाचत जातो.

त्याच्या अर्जातला परिच्छेद असा हवा: ‘परिपत्रकांवर टिप्पणी सादर करणे हे माझे काम आहे. परिपत्रके स्कॅन स्वरूपात किंवा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये येत असल्याने ती मला स्क्रीन रीडरवर वाचता येत नाहीत. स्वाक्षरीच्या प्रतीसोबत मूळ मजकुराची युनिकोडमधील वर्ड फाइल मला ई-मेलने मिळावी आणि माझ्या संगणकावर एनव्हीडीए बसवून मिळावे.’

या मागणीला खर्च जवळपास नाही आणि ती पूर्ण झाली की नाही हे कुणालाही तपासता येतं.

३. अर्ज देणं

आवक क्रमांकासह पोच घ्या.

४. नकार आला तर

कार्यालयावर असमर्थनीय बोजा पडत असेल तरच कायदा सूट देतो, आणि तो बोजा त्या विशिष्ट प्रकरणात दाखवता आला पाहिजे. ‘तरतूद नाही’ हे त्याचं उत्तर नव्हे. लेखी कारण मागा. चर्चेला बोलावलं तर जरूर जा. दुसरा उपाय सुचवला गेला आणि त्याने काम होत असेल, तर आपल्याच मागणीवर अडून बसू नका. काम होत नसेल, तर कुठे अडतं ते पुन्हा लेखी कळवा.

तरीही प्रश्न सुटला नाही, तर कलम २३ नुसार प्रत्येक सरकारी आस्थापनेत नेमायच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तक्रार नोंदली गेल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार करता येते. खासगी कंपनीत असाल तर आधी समान संधी धोरणाची प्रत मागा, कारण कलम २१ नुसार ते प्रत्येक आस्थापनेला जाहीर करावं लागतं.

५. मंजुरीनंतर

तोंडी होकारावर थांबू नका, कार्यालयीन आदेश काढून घ्या. त्याची प्रत वैयक्तिक नस्तीत लावायला सांगा. बदली झाली की हजर होतानाच ती प्रत नव्या कार्यालयात द्या, आणि तिथलं काम वेगळं असेल तर अडथळ्याचा परिच्छेद नव्याने लिहा.