उसाच्या टनेजचा अंदाज: रँडम फॉरेस्ट की लिनिअर रिग्रेशन, आणि इम्पॉर्टन्सचा तक्ता कसा वाचायचा

वाळवा तालुक्यातल्या एका पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदांच्या उसाच्या नोंदी मी बरीच वर्षं सांभाळतो. लावण कधीची, जात कुठली, जमीन कशी, ठिबक की पाटपाणी, आणि शेवटी वजनकाट्यावर एकरी किती टन भरलं. या तक्त्यावरून पुढच्या हंगामाचं टनेज सांगायचं काम मी अनेकदा केलं आहे. एकदा त्याच तक्त्यावरून चुकीचा सल्लाही दिला आहे. तो सल्ला ज्या पायरीवर घसरला, तिच्यावरच हा लेख जास्त रेंगाळेल. तक्ता साफ करणं, एकरी आणि हेक्टरी एकत्र न होऊ देणं, हे तुम्हाला येतं असं धरतो.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

प्रश्न दोन प्रकारचे असतात. ‘या प्लॉटला किती टन निघेल?’ हा अंदाजाचा प्रश्न. तोडणीच्या टोळ्या किती लागतील, वाहनं किती ठरवायची, यासाठी तो पुरतो. ‘या प्लॉटवर ठिबक बसवलं तर टनेज किती वाढेल?’ हा कारणाचा प्रश्न. तक्ता तोच, पण दोन्हींची उत्तरं काढायची रीत वेगळी. कुठला प्रश्न आहे हे लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर उघडू नका.

दुसरी पायरी: तपासणीसाठी अख्खा हंगाम बाजूला ठेवा

बहुतेक ठिकाणी सांगतात की वीस टक्के ओळी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या बाजूला काढा. आपल्या कामाला हे चालत नाही. त्याच शिवारातला, त्याच पावसातला शेजारचा प्लॉट मॉडेलने आधीच पाहिलेला असतो, त्यामुळे चूक खोटी कमी दिसते. शेवटचा पूर्ण हंगाम बाजूला ठेवा आणि आधीच्या हंगामांवर मॉडेल शिकवा.

तिसरी पायरी: दोन्ही मॉडेल एकाच तपासणीवर चालवा

लिनिअर रिग्रेशन आधी चालवा, नेहमीच. शे-दोनशे ओळी असतील आणि संबंध साधारण सरळ असेल तर ते फॉरेस्टच्या बरोबरीने चालतं, कधी पुढेही जातं. रँडम फॉरेस्ट म्हणजे शेकडो झाडं: प्रत्येक झाड एकेका कॉलमवर फाटा काढत प्लॉटांचे गट पाडतं, आणि सगळ्या झाडांच्या उत्तरांची सरासरी हा अंदाज. त्याची ताकद वळणाच्या जागी दिसते. नदीकाठच्या क्षारपड जमिनीचंच बघा. मातीची क्षारता एका हद्दीपर्यंत वाढली तरी उसाला फारसा फरक पडत नाही. उसासाठी ही हद्द साधारण १.७ डेसिसिमेन प्रति मीटर मानतात. ती ओलांडली की टनेज खाली यायला लागतं. सरळ रेषेला हे वळण कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, फॉरेस्ट ते आपलं आपण शोधतं.

```python
from sklearn.ensemble import RandomForestRegressor
from sklearn.inspection import permutation_importance

rf = RandomForestRegressor(n_estimators=500, max_features=1/3,
                           min_samples_leaf=5, random_state=1)
rf.fit(X_train, y_train)
imp = permutation_importance(rf, X_test, y_test, n_repeats=30,
        scoring="neg_mean_squared_error", random_state=1)
```

यातलं `max_features=1/3` विसरू नका. `scikit-learn` मध्ये ही किंमत मुळात 1.0 असते, म्हणजे प्रत्येक फाट्यावर सगळेच कॉलम समोर येतात आणि ‘रँडम’मधला मोठा भाग निघून जातो. आणि कुठल्या कॉलमचं इम्पॉर्टन्स किती, म्हणजे अंदाज त्याच्यावर किती टेकतो, हे बघायला फॉरेस्टचं तयार `feature_importances_` वापरू नका, वरचं `permutation_importance` वापरा. तो तयार आकडा पुष्कळ वेगवेगळ्या किमती असलेल्या कॉलमच्या बाजूने झुकतो. खात्री करायची तर मनाला येईल ते आकडे भरलेला एक कॉलम तक्त्यात घाला. त्यालाही भाव मिळालेला दिसेल, कधी कधी हो-नाही असलेल्या ठिबकच्या कॉलमपेक्षा जास्त.

एक मर्यादा लक्षात असू द्या. फॉरेस्टचा अंदाज म्हणजे पाहिलेल्या प्लॉटांची सरासरी, त्यामुळे ते पाहिलेल्या टनेजच्या बाहेरचा आकडा देऊच शकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात काठचा ऊस बुडाला. तसा हंगाम शिकवणीत नसेल तर त्याच्याकडून अशा वर्षाची अपेक्षा करू नका. सरळ रेषा बाहेर जाते, पण तीही आंधळेपणानेच.

तपासणीत ज्याची चूक कमी, ते मॉडेल अंदाजाला घ्या. तुमचा प्रश्न अंदाजाचा असेल तर काम इथं संपलं.

चौथी पायरी: इम्पॉर्टन्सचा तक्ता वाचणं

इथं मी घसरलो. माझ्या फॉरेस्टमध्ये ठिबक वरच्या नंबरांत आलं होतं. मी समितीपुढे सांगितलं की टनेज वाढवायचं तर आधी ठिबकला कर्ज द्या. मागच्या रांगेतले एक वयस्कर सभासद म्हणाले, “साहेब, ज्याची आडसाली लावण हाय, त्यानंच ठिबक बसवलंय. तुमचा काँप्युटर ऊस मोजतोय का ठिबक?” मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. घरी येऊन तक्ता फोडला आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं.

समजायला गोल आकडे घेऊ. शंभर प्लॉट ठिबकचे, शंभर पाटपाण्याचे. ठिबकवाल्यांची सरासरी एकरी ५६ टन, पाटपाण्याची ४४. फरक १२ टनांचा. आता लावणीचे हंगाम वेगळे करा. ठिबकवाल्यांत ८० प्लॉट आडसाली, सरासरी ५९, आणि २० प्लॉट सुरू, सरासरी ४४. पाटपाण्यात उलटं आहे: २० प्लॉट आडसाली, सरासरी ५६, आणि ८० प्लॉट सुरू, सरासरी ४१. म्हणजे आडसालीत ठिबकचा फरक ३ टन, सुरूतही ३ टन. बाकीचे ९ टन हंगामाचे आहेत. आडसाली ऊस दीड वर्षाच्या आसपास शेतात उभा असतो, सुरू वर्षभर. आडसालीचं वजन जास्त भरणारच.

फॉरेस्टला हंगामाचा कॉलम दिलेला असतानाही असं का होतं? फॉरेस्टच्या प्रत्येक फाट्यावर कॉलमांपैकी एक तृतीयांशच समोर येतात. ज्या फाट्यावर हंगाम समोर नसतो, तिथं त्याच्या जागी सगळ्यात जवळचं काय? ठिबक, कारण बहुतेक ठिबकवाले आडसालीच आहेत. अशा शेकडो फाट्यांवर हंगामाचं श्रेय ठिबकच्या खात्यात जमा होतं. अंदाज त्यामुळे बिघडत नाही. एकानं दुसऱ्याची जागा घेतली तरी टनेज जवळपास बरोबरच येतं. म्हणूनच तपासणीतली चूक कमी दिसते आणि माणूस निर्धास्त होतो.

इम्पॉर्टन्स नक्की काय मोजतं तेही समजून घ्या. ठिबकच्या कॉलममधल्या किमती आपापसांत पिसायच्या, मग अंदाजाची चूक किती वाढते ते बघायचं. हा आकडा कॉलमचा परिणाम किती, यावर तर ठरतोच, पण तो तुमच्या गावात किती वेगवेगळा आहे यावरही ठरतो. ठिबकचा खरा परिणाम ३ टन आहे आणि मॉडेलने तो बरोबर पकडला, असं धरा. निम्म्या प्लॉटांवर ठिबक असेल तर पिसल्यावर चुकांच्या वर्गांची सरासरी २ × ३² × ०.५ × ०.५, म्हणजे ४.५ ने वाढते. शंभरात चारच प्लॉटांवर असेल तर २ × ३² × ०.०४ × ०.९६, म्हणजे जेमतेम ०.७ ने. परिणाम तोच, तीन टनच, पण तक्त्यात ठिबक तळाला जातं.

याचं टोक म्हणजे पाणी. आमच्या संस्थेच्या सगळ्या सभासदांना साधारण सारखंच पाणी मिळतं. म्हणून ‘पाणी मिळालं का’ या कॉलमचं इम्पॉर्टन्स शून्याजवळ येतं. हा तक्ता वाचून कोणी मोटार बंद करणार नाही. पण दुसऱ्या कॉलमांबाबत लोक नेमकं तेच करतात.

आकड्याला दिशाही नसते. लोकरी माव्यासाठी किती फवारण्या झाल्या हा कॉलम वर आला, तर फवारणीनं टनेज वाढलं की घटलं हे इम्पॉर्टन्स सांगत नाही. ते तपासलं तर जास्त फवारणीच्या प्लॉटांत टनेज कमी दिसेल, कारण फवारणी तिथंच झाली जिथं मावा पडला होता. औषध बंद करा, असा सल्ला त्यातून काढणारा माणूस मी पाहिला आहे.

पाचवी पायरी: कारणाचा प्रश्न असेल तर कॉलम निवडा

कागदावर बाण काढा: कशामुळे काय होतं. मग एकच चाळणी लावा. ठिबक बसवायचं ठरण्याआधी जे ठरलेलं होतं आणि ज्याचा टनेजवरही परिणाम होतो, ते मॉडेलमध्ये घ्या: लावणीचा हंगाम, जमिनीची खोली, क्षारता, आणि त्याच शेतकऱ्याचं ठिबकच्या आधीचं टनेज. हा शेवटचा कॉलम मी कधीच सोडत नाही. माणसाची मेहनत आणि पैसा तक्त्यात दुसरीकडे कुठं दिसत नाही, तो इथं थोडाफार दिसतो.

ठिबकनंतर जे घडतं ते बाहेर ठेवा. सहाव्या महिन्यातली एकरी उसांची संख्या अंदाजाला फार उपयोगी पडते, ती घातली की चूक झपाट्यानं कमी होते. पण ठिबकचा फायदा बराचसा त्या संख्येतूनच येत असतो. ती मॉडेलमध्ये घातलीत तर ठिबकचा परिणाम तुम्ही स्वतःच पुसून टाकता. अंदाजाला उत्तम असलेला कॉलम कारणाच्या प्रश्नात घातक ठरतो, हे समजायला मला दोन हंगाम लागले.

या निवडक कॉलमांवर साधं लिनिअर रिग्रेशन चालवा आणि ठिबकपुढचा आकडा वाचा. वरच्या उदाहरणात तो ३ येतो. इतरांपुढचे आकडे कारण म्हणून वाचू नका. कॉलमांची निवड ठिबकसाठी केली आहे, जमिनीच्या खोलीसाठी नाही. आणि हाही आकडा बाणांच्या चित्राइतकाच खरा. एखादं महत्त्वाचं कारण नोंदलेलंच नसेल तर रिग्रेशनही त्याला पकडू शकत नाही.

सहावी पायरी: जमेल तिथं शेतातच बघा

एकाच प्लॉटचे दोन सारखे भाग करा आणि कुठल्या भागाला ठिबक हे चिठ्ठी टाकून ठरवा. शेतकऱ्याला निवडू देऊ नका, तो चांगल्या निचऱ्याचा भागच ठिबकला देईल. बेणं, लावणीची तारीख, खताची मात्रा दोन्हीकडे एकच. असे आठ-दहा प्लॉट झाले तरी प्रत्येक प्लॉटमधल्या फरकांची सरासरी काढता येते, आणि त्या फरकांत किती चढउतार आहे तेही दिसतं.

यात सगळ्यात जास्त नासाडी तोडणीच्या दिवशी होते. टोळीच्या मुकादमाला आदल्या दिवशी भेटून सांगा की दोन भागांचा ऊस वेगळा तोडायचा आणि वेगळ्या ट्रॉलीत भरायचा. मग काट्यावरच्या प्रत्येक खेपेच्या पावतीमागे भागाचा नंबर पेनानं लिहा. पहिल्या वर्षी मी हे सांगायला विसरलो आणि तीन प्लॉटांत दोन्ही भागांचा ऊस एकत्रच ट्रॉलीत गेला.