आयएसबीएनचे पहिले आकडे वाचताना या चुका टाळा

आमच्या वाचनालयात देणगीची पुस्तकं आली की नोंदीला कोणीतरी हौशी मदतनीस लागतो. मदतीबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पहिल्या तासाभरात त्याला सगळं कळल्यासारखं वाटतं याची. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, हा तर मोहाचाच प्रकार. तेरा आकडे, मध्ये आडव्या रेघा, सुरुवातीला 978, आणि कुठंतरी वाचलेलं असतं की ‘81 म्हणजे भारत’. तेवढ्या शिदोरीवर मंडळी शेकडो पुस्तकांच्या नोंदी उरकतात आणि पुढचा महिना मी त्या निस्तरतो.

आधी रचना बघा. 978-81 मधला 978 म्हणजे ‘हे पुस्तक आहे’ एवढंच. त्याच्या पुढचा 81 हा गट क्रमांक. त्यानंतर प्रकाशकाचा क्रमांक, मग त्या पुस्तकाचा आणि शेवटी एकच पडताळणी अंक. सगळा घोळ होतो तो गट क्रमांकाशी.

गट क्रमांक म्हणजे पुस्तकाची भाषा नव्हे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. एका पोराने मोबाइलवर बारकोड स्कॅन करून साडेतीनशे पुस्तकांची यादी केली. काम झकास. मग घरी बसून, एकही पुस्तक न उघडता, त्याने ‘भाषा’ हा रकाना भरला. 0 आणि 1 ला इंग्रजी, 81 आणि 93 ला मराठी. विचारलं तर म्हणतो, “सर, मराठी वाचनालयाला देणगी आलीय, मग भारतातलं पुस्तक मराठीच असणार ना?” भारतीय प्रकाशकांची इंग्रजी पाठ्यपुस्तकं, दोन हिंदी शब्दकोश आणि एक कन्नड कथासंग्रह असं सगळं मराठीत जाऊन बसलं. कन्नड कथासंग्रह नेमका एका आजोबांनी ‘मराठी’ म्हणून घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आणून आपटला.

गट क्रमांक प्रकाशकाचा असतो. तो ज्या देशात, प्रदेशात किंवा भाषाक्षेत्रात नोंदलेला आहे ते त्यातून कळतं. भारताला 81 आणि 93 आहेत आणि त्यात मराठी, तमिळ, उर्दू, इंग्रजी, गोव्यातली कोंकणी असं सगळं येतं. इथे भाषेचा संबंधच नाही.

मग भाषाक्षेत्र हा शब्द येतो कुठून? काही गट खरोखरच भाषेवर बांधलेले आहेत. 0 आणि 1 इंग्रजीचे, 2 फ्रेंचचा, 3 जर्मनचा. त्यामुळे 0 दिसला की ‘अमेरिकेचं पुस्तक’ म्हणणंही तितकंच चूक, कारण ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि इंग्रजी कॅनडा असे सगळे त्याच घरात राहतात. कॅनडातला फ्रेंच प्रकाशक मात्र 2 मध्ये जातो. स्वित्झर्लंडचं तर घरच वाटलेलं: जर्मन बोलणारा भाग 3 मध्ये, फ्रेंच बोलणारा 2 मध्ये, इटालियन बोलणारा 88 मध्ये. उलट पोर्तुगीज ही एकच भाषा, पण पोर्तुगालला 972 आणि 989, तर ब्राझीलला 85 आणि 65. गोव्याकडून पोर्तुगीज पुस्तकांची पेटी आली तर हा फरक कामाला येतो.

त्यातही एक खोच आहे. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसची दिल्लीहून निघालेली किती तरी पुस्तकं 0-19 ने सुरू होतात, कारण 0-19 हा मूळ ऑक्सफर्डचा क्रमांक. प्रकाशन दिल्लीचं, विषय भारतीय, लेखक भारतीय आणि आकडा इंग्रजी गटाचा. तसंच अलीकडे मराठी माणसं परदेशी ऑनलाइन सेवेतून पुस्तक छापतात आणि फुकट मिळालेला क्रमांक घेतात. तो बऱ्याचदा 979-8 ने सुरू होतो. 979-8 हा अमेरिकेचा गट आहे. आतली कविता अस्सल सांगलीची असली तरी आकडा अमेरिकेचाच राहणार.

माझी सवय सांगतो. भाषेचा रकाना मी पुस्तक उघडूनच भरतो, आकड्यावरून कधीच नाही. प्रकाशनस्थळासाठी आतलं मुद्रण-प्रकाशनाच्या माहितीचं पान. आकड्याचा उपयोग फक्त शंका घ्यायला: पान म्हणतं पुणे आणि आकडा म्हणतो 3, तर कुठंतरी पाणी मुरतंय.

‘978 च्या पुढचे दोन आकडे’ ही कात्री

81 आणि 93 दोन आकडी, म्हणून सगळे गट दोन आकडी असं गृहीत धरतात. मग एक्सेलमध्ये, रेघांशिवायच्या तेरा आकडी क्रमांकावर, हे येतं:

```
=MID(A2,4,2)
```

दिसायला हुशारीचं आहे. याने 978-960 कापलं की 96 उरतो, 978-969 कापलं की 96 उरतो आणि 978-967 कापलं तरी 96च. पहिला ग्रीसचा, दुसरा पाकिस्तानचा, तिसरा मलेशियाचा. त्या पोराने 96 पुढे ‘पाकिस्तान’ लिहून ठेवलं होतं, त्यामुळे अथेन्सचं एक पुरातत्त्वाचं पुस्तक कराचीला पोचलं.

गटाची लांबी एक ते पाच आकडी असते आणि त्यामागे साधा हिशेब आहे. 978 आणि शेवटचा पडताळणी अंक सोडला तर मध्ये नऊ आकडे उरतात. गट जितका छोटा, तितकी पुढे प्रकाशक आणि पुस्तकांना जागा जास्त. 0 या एका आकड्यापुढे आठ आकडे मोकळे, म्हणजे १० कोटी क्रमांक. 81 पुढे सात, म्हणजे १ कोटी. श्रीलंकेच्या 955 पुढे १० लाख. नेपाळच्या 9937 पुढे १ लाख. भूतानच्या 99936 पुढे फक्त १० हजार. जिथे पुस्तकं भरपूर निघतात तिथे आखूड गट, जिथे कमी तिथे लांब. भारताला 81 पुरला नाही म्हणून 93 आला. 93 म्हणजे वेगळं राज्य किंवा वेगळी भाषा नव्हे, हेही एकदा सांगून टाकतो.

कुठे कापायचं ते आकडेच सांगतात. 978 नंतर 0 ते 5 किंवा 7 असेल तर एकच आकडा घ्या. 80 ते 94 आणि 65 असेल तर दोन. 600 ते 649 आणि 950 ते 989 असेल तर तीन. 9900 ते 9989 असेल तर चार. 999 ने सुरुवात असेल तर पाच. मी हे पुठ्ठ्यावर लिहून संगणकाला चिकटवलं आहे. छापील पुस्तकावर रेघा असतील तर त्या जशाच्या तशा उतरवा. बारकोडमधून रेघा येत नाहीत, तेव्हाच या पुठ्ठ्याची गरज पडते.

हरवलेलं शून्य

याने मला सर्वांत जास्त छळलं.

२००७ च्या आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी आयएसबीएन असतो, 978 शिवाय. समजा आकडा 0-19-565123-5 आहे (माझा मीच रचलेला, पण हिशेबात बसणारा). तो एक्सेलमध्ये रेघांशिवाय टाइप केला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि सुरुवातीचं शून्य गिळतं. उरतो 195651235, नऊ आकडी. म्हणजे गटच गेला.

इथवर ठीक होतं, नऊ आकडे दिसले की माणूस थबकतो. पण आमच्या एका उत्साही मदतनीसाने यादी ‘अद्ययावत’ करायला घेतली. नऊ आकड्यांच्या सुरुवातीला त्याने 978 लावलं. झाले बारा. तेरावा पडताळणी अंक त्याने सूत्राने काढला आणि तयार झाला 9781956512359. आकडे तेरा, पडताळणी बरोबर, गट 1 म्हणजे इंग्रजी, पुस्तकही इंग्रजी. कुठल्याही तपासणीतून सुटेल असा खोटा क्रमांक. पडताळणी अंक आकडा चुकीचा टाइप झाला तर पकडतो, पण चुकीच्या आकड्यावरून तो नव्याने काढला तर काय पकडणार?

वर्षाअखेरीच्या साठा तपासणीत ते उघडं पडलं. स्कॅनर आकडा वाचायचा आणि यादीत तो सापडायचाच नाही. पुस्तक हातात आणि संगणक म्हणतो नाही. आधी आम्ही स्कॅनरलाच दोष दिला, त्याची वायर बदलली. मग मी एक पुस्तक घेऊन कागदावर हिशेब केला. 0195651235 मधला शेवटचा 5 काढायचा, सुरुवातीला 978 लावायचं आणि तेरावा अंक नव्याने काढायचा. तो येतो 2, म्हणजे 978-0-19-565123-2. यादीत होता 978-1-95… मध्ये शून्य नाही आणि जुना पडताळणी अंक 5 पुस्तकाच्या क्रमांकात घुसलेला. एकदा हे कळल्यावर बाकीची ओळखणं सोपं गेलं, पण दुरुस्ती हातानेच करावी लागली, पुस्तक काढून, एकेक.

माझी पद्धत: आकडा टाकायच्या आधी अख्खा रकाना मजकूर म्हणून ठरवायचा. नंतर बदलून गिळलेलं शून्य परत येत नाही. शेवटी X असलेला दहा आकडी क्रमांकही तसाच ठेवायचा, तो चुकून आलेला नाही. आणि नऊ आकडे दिसले तर सुरुवातीला शून्य लावून बघायचं. साठीच्या दशकाअखेर ब्रिटिश पुस्तकांवर खरोखरच नऊ आकडी क्रमांक असायचे, त्यांनाही सुरुवातीला शून्य लावलं की दहा आकडी आयएसबीएन होतो आणि शेवटचा अंक बदलत नाही, कारण तो अंक प्रत्येक आकड्याला गुणून काढतात आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.

बाकीच्या, थोडक्यात

दहा आकडी क्रमांक 979 ने सुरू झाला तर तो इंडोनेशियाचा गट आहे, नवा 979 नव्हे. 978-978 बघून दोनदा टाइप झालं असं समजू नका, दुसरा 978 नायजेरियाचा.

979-8 चा दहा आकडी क्रमांक मागू नका. 979 वाल्यांना तो नसतोच.

979-0 दिसला तर ते पुस्तक नाही, संगीताच्या छापील स्वरलिपीचा क्रमांक आहे.

80, 86 आणि 5 हे आकडे जुन्या नकाशातले आहेत: चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया, सोव्हिएत संघ. देश मोडले तरी छापलेले क्रमांक बदलत नाहीत. 80 तर आजही चेक आणि स्लोव्हाक दोघं वापरतात. त्यामुळे 86 पुढे ‘सर्बिया’ लिहिण्याआधी प्रकाशनाचं वर्ष आणि गाव बघा, ते झाग्रेब निघू शकतं.

आणि बिस्किटाच्या पुड्यावर भारतीय बारकोडचा 890 असतो, पुस्तकावर नाही, म्हणून पुस्तक भारतीय नाही असं सांगणारा एक जण मला भेटला आहे. भारतीय पुस्तकावरही 978च येतो, भारत त्याच्या पुढे सुरू होतो.