उमेदवार तुमच्यासारखा बोलत नाही? पॅनेलवर बसताना या चुका टाळा

मुलाखतीनंतरच्या नोंदींत एक शेरा मला सतत दिसतो: ‘संवादकौशल्य कमी’. उमेदवाराला नेमकं काय जमलं नाही, असं विचारलं की उत्तर मिळत नाही. बहुतेक वेळा त्याचे उच्चार वेगळे असतात, किंवा तो थांबून थांबून बोलतो, एवढंच.

सर्वांत घातक चूक म्हणजे शांतता सहन न होणं. संभाषणात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. परक्या भाषेत प्रश्न समजून घेऊन उत्तर जुळवणाऱ्याला त्याहून बराच जास्त वेळ हवा असतो. पॅनेलला तेवढ्यात अवघडल्यासारखं होतं आणि कुणीतरी मध्ये पडतं.

यंत्रदेखभालीच्या एका जागेसाठी मुलाखती चालू होत्या. प्रश्न होता, ‘पंप चालू आहे, पण पाणी येत नाही. काय कराल?’ उमेदवार विचार करत होता. दोन-तीन सेकंदांत एका सदस्याने मदत म्हणून विचारलं, ‘म्हणजे आधी कुणाला कळवाल?’ तो पुन्हा थांबला. लगेच तिसरा प्रश्न आला, ‘असं कधी घडलंय का तुमच्याकडे?’ तो ‘हो, एकदा’ म्हणाला. सदस्याने पाचपैकी दोन गुण दिले आणि ‘मुद्देसूद नाही’ असं लिहिलं. त्याच्या आधीच्या, पॅनेलच्याच भाषेत बोलणाऱ्या उमेदवाराला हाच प्रश्न एकदाच विचारला होता आणि त्याच्या उत्तरात कुणी तोंड घातलं नव्हतं. एकाला एक प्रश्न, दुसऱ्याला तीन, आणि गुणांचा रकाना मात्र एकच!

मी मूळ प्रश्न कागदावर लिहून उमेदवारासमोर ठेवला आणि सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. मग तो बोलला, तुटक वाक्यांत, पण क्रमाने. पंपात हवा अडकली आहे का, ओढीच्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, गाळणी चोंदली आहे का, मोटर उलटी तर फिरत नाही ना. पंप उघडायची वेळ आली तर आधी वीज तोडून स्विचला कुलूप, हेही त्याने न विचारता सांगितलं. चांगल्या उत्तरात काय असावं ते आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. त्या यादीशी ताडल्यावर त्याचे चार गुण झाले.

तेव्हापासून माझी सवय अशी: प्रश्न छापील देतो, मनात दहापर्यंत मोजतो, आणि उमेदवाराने मागितल्याशिवाय प्रश्नाचे शब्द बदलत नाही. नव्या सदस्यांना हे वेळखाऊ वाटतं. ‘माणूस पाच मिनिटांत कळतो’ म्हणणाऱ्यांना मी पॅनेलवर घेत नाही. पाच मिनिटांत त्यांना कळतं ते फक्त कोण आपल्यासारखं बोलतं एवढंच.

दुसरी चूक तो ‘संवादकौशल्य’ नावाचा रकाना. त्यात उच्चार, व्याकरण, आत्मविश्वास, हसतमुखपणा असं सगळं एकत्र कोंबलं जातं. मी तो खोडतो आणि या कामात बोलणं-लिहिणं नक्की कुठे लागतं ते लिहितो. वरच्या जागेसाठी दोनच गोष्टी होत्या: पाळी संपताना वहीत नोंद करणं आणि फोनवरून बिघाड सांगणं. मग तेवढंच तपासायचं. दहा मिनिटांत नोंद लिहायला द्या. फोनसाठी एका सदस्याला शेजारच्या खोलीत बसवून उमेदवाराने सांगितलेला बिघाड लिहून घ्यायला सांगा. यंत्र, जागा आणि लक्षण बरोबर उतरलं तर तो उत्तीर्ण. नाही उतरलं तर ती खरी अडचण आहे, आणि ती नोंदवायला संकोच नको.

भाषेमुळे जीव जाऊ शकतो अशा क्षेत्रातही उच्चारांना बंदी नाही. आंतरराष्ट्रीय विमानसेवेच्या वैमानिकांना आणि नियंत्रकांना नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, भाषापट्टीवर सहापैकी किमान चौथी पातळी लागते. त्या पातळीवर मातृभाषेची छाप चालते. समजण्यात अडथळा अधूनमधूनच यावा, एवढीच अट आहे. सहाव्या पातळीवरही छाप असू शकते, फक्त अडथळा जवळजवळ कधीच येऊ नये. कारकुनाच्या जागेसाठी याहून कडक निकष लावायचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. पहिल्याच उत्तराला गुण देऊ नका; अनोळखी उच्चारांना कान सहसा एखाद-दोन मिनिटांत सरावतो, तोवर प्रवासाबद्दल वगैरे बोला. समजलं नाही तर मान डोलावू नका, ‘पुन्हा सांगाल का’ म्हणा. प्रश्नात म्हणी नकोत. आवाज चढवू नका. व्हिडिओ मुलाखतीत आवाज फाटत असेल तर आधी माईक बदलायला सांगा. स्वतःच्या कामाबद्दल ‘आम्ही केलं’ म्हणणाऱ्याचे गुण कापू नका. ‘त्यातलं तुमच्याकडे काय होतं?’ हा एक प्रश्न पुरतो.

आणि गुण प्रत्येकाने आपापल्या कागदावर, चर्चेआधी लिहायचे. ‘मला त्याचं बोलणंच कळलं नाही’ हे वाक्य एका वरिष्ठाने उच्चारलं की उरलेल्यांचे आकडे खाली सरकतात, म्हणून कागद गोळा होईपर्यंत मी खोलीत कुणालाही मत मांडू देत नाही.