पातळ पेजही चार्टात लिहा

घरी आणलेल्या रुग्णाच्या पोटात किती पातळ पदार्थ गेले आणि लघवी किती झाली, याच्या इनटेक-आउटपुट चार्टात पाणी आणि चहा लिहिला जातो, पण अकराची पेज, सोलकढी आणि शहाळं हमखास सुटतं. रुग्णाची वाटी, कप, पेला एकदाच मापाच्या भांड्याने मोजा आणि चिकटपट्टीवर मिली लिहून बुडाला लावा. नोंद पोटात गेल्याचीच करायची: २०० मिलीच्या वाटीत ८० उरली, तर १२०.

लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे नळी, घातलेली असेल तर तिच्या पिशवीवरच्या रेषा अंदाजापुरत्याच. लघवी वेगळ्या मापाच्या भांड्यात काढा, ते सपाट जागी ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत वाचा.

पिशवी भरेनाशी झाली तर आधी नळी मुरगळली का बघा. तरीही सलग दोन तास तासाला ३० मिलीपेक्षा कमी आली, लघवीत रक्त दिसलं किंवा धाप लागली, तर रात्रीच्या बेरजेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.