लग्नाच्या हॉलसाठी एलईडी वॉलचा लूप: स्क्रिप्ट कशी लिहायची, जोड कुठे लपवायचा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या हॉल्समध्ये आता स्टेजमागे कापडाच्या ऐवजी एलईडी वॉल असते आणि त्यावर रिसेप्शनभर एकच छोटा व्हिडिओ, म्हणजे लूप, परत परत फिरत असतो. त्याला आवाज नाही, निवेदन नाही, गोष्ट नाही. या कामात नवीन येणारी मुलं पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहितात ती शॉर्टफिल्मसारखी, म्हणजे आधी अंधार, मग दिवे लागले, मग फुलं पडली, शेवटी वधूवरांची नावं आली. एकदा बघायला छान वाटतं पण हॉलमध्ये माणसं तीन तास बसलेली असतात, दर वीस सेकंदांनी दिवे विझून परत लागले की पाचव्या फेरीला सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. म्हणून माझा पहिला नियम हाच की लूपमध्ये घटना नको, फक्त स्थिती हवी. कुठल्याही क्षणी वर बघितलं तर तेच चालू दिसलं पाहिजे.

एक काम घेऊन सांगतो. वॉल होती ४ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच, कॅबिनेट ५०० बाय ५०० मिमीची, आडवी ८ आणि उभी ५. पिच म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९ मिमी होतं, त्यात एका कॅबिनेटमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल येतात, म्हणजे अख्खी वॉल १०२४ बाय ६४०. हा आकडा एलईडीवाल्याला फोन करून आधीच विचारायचा आणि आफ्टर इफेक्ट्समधला कॉम्प त्याच मापात बनवायचा, नाहीतर तो तिथे ताणून बसवतो आणि झेंडू अंडाकृती दिसतात. दुसरा प्रश्न सोफा कुठे आहे. इथे सोफा आणि माणसांनी खालचा साधारण तिसरा भाग झाकला जाणार होता आणि मधोमध नवरा नवरी उभे, म्हणून स्क्रिप्टच्या वरच लिहून टाकलं: मधला पट्टा रिकामा, समया दोन्ही कडांना आणि जरा वर, मागचा रंग गडद वाईन. पांढरा किंवा फिका पिवळा मागे ठेवला की कॅमेऱ्यात चेहरे काळे पडतात आणि फोटोग्राफर स्टेजवर येऊन वॉलच बंद करायला लावतो.

आता खरी स्क्रिप्ट. लूपची लांबी धरली २० सेकंद आणि ३० एफपीएस, म्हणजे ६०० फ्रेम. ३० का, तर लॅपटॉपमधून एचडीएमआय बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर जातो, त्यात २५ नीट बसत नाही आणि पाकळ्या अडखळत पडताना दिसतात, मग लोकांना वाटतं लूपच चुकलाय. स्क्रिप्टमध्ये मी प्रत्येक गोष्टीपुढे एकच गोष्ट लिहितो, तिचा फेरा किती सेकंदांचा. झेंडूच्या माळा डुलतात, त्यातल्या काही ४ सेकंदात आणि काही ५ सेकंदात. दोन्ही आकडे २० ला पूर्ण भागतात पण एकमेकांशी जुळतात ते थेट २० व्या सेकंदाला, म्हणून सगळ्या माळा मिळून तीच हालचाल परत आली असं मध्ये कुठेच वाटत नाही. ६ सेकंदांचा फेरा घेतलात तर २० व्या सेकंदाला माळ झोक्याच्या मध्येच कुठेतरी असेल आणि तिथून टुणकन उडी मारेल. आफ्टर इफेक्ट्समध्ये माळेच्या रोटेशनला मी कीफ्रेम न देता एवढंच लावतो:

```
amp = 3; period = 5;
amp*Math.sin(2*Math.PI*time/period + index)
```

index मुळे प्रत्येक लेयरची सुरुवात वेगळ्या जागी होते, सगळ्या माळा कवायत करत नाहीत.

पाकळ्यांचं जास्त जपून करावं लागतं. पाकळी फ्रेमच्या ४० पिक्सेल वरून निघते आणि ४० पिक्सेल खाली जाऊन संपते, म्हणजे प्रवास ७२० पिक्सेल. तो १० सेकंदात केला तर वेग ७२ पिक्सेल दर सेकंदाला, या वॉलवर तो साधारण २८ सेंटीमीटर होतो आणि शांत वाटतो. पाकळी परत वर जाते ती फ्रेमच्या बाहेर असताना, त्यामुळे कोणाला दिसत नाही. ती स्वतःभोवती फिरते तेही १० सेकंदात पूर्ण १ किंवा २ वेळा, दीड वेळा नाही. आणि शून्याव्या फ्रेमला पाकळ्या आधीच हवेत सगळीकडे असल्या पाहिजेत. रिकाम्या स्क्रीनवर पहिली पाकळी पडायला लागली की ती घटना झाली.

समईच्या ज्योती खऱ्या शूट केलेल्या होत्या आणि खरी ज्योत काही फेऱ्यात बसत नाही. तिथे जुनी युक्ती: क्लिप मधोमध कापायची, मागचा अर्धा पुढे आणायचा, पुढचा मागे न्यायचा. आता लूपचा शेवट आणि सुरुवात म्हणजे मूळ शूटमधल्या लागोपाठच्या दोन फ्रेम, तिथे जोडच नाही. जोड आला मध्यभागी, तिथे १५ एक फ्रेमचा डिझॉल्व्ह द्यायचा (त्यात थोडी लांबी जाते, म्हणून २० सेकंद हवे तर मूळ क्लिप तेवढी जास्त घ्या). ज्योतीवर चालतो, चेहरा किंवा हात असेल तर भूत दिसतं.

जोड दिसतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, कीफ्रेम शेवटच्या फ्रेमवर ठेवणं. २० सेकंदांच्या कॉम्पची शेवटची फ्रेम 19:29 ला असते, सुरुवातीशी जुळणारी कीफ्रेम हवी 20:00 ला, म्हणजे कॉम्पच्या बाहेर. ती 19:29 ला ठेवली की एकच चित्र लागोपाठ दोनदा दिसतं आणि पाकळ्या क्षणभर थबकतात. कॉम्प एक सेकंद वाढवा, कीफ्रेम 20:00 ला ठेवा, रेंडर 19:29 पर्यंतच करा. दुसरं कारण ईझी ईझ. सवयीने सगळ्यांना तो लावला जातो आणि मग जोडाच्या ठिकाणी अख्खं चित्र हळू होऊन परत वेग घेतं, फ्रेम अगदी जुळलेल्या असूनही. गोल फिरणाऱ्या गोष्टींना सरळ लिनिअर ठेवा. तपासायला शेवटची आणि पहिली फ्रेम डिफरन्स मोडमध्ये एकावर एक ठेवून बघा, जेवढा फरक दिसेल तेवढाच पहिली आणि दुसरीत दिसला पाहिजे. अगदी काळं आलं तर फ्रेम दुप्पट झालीये, खूपच जास्त आलं तर उडी आहे.

नावं लूपमध्ये कधीच घालू नका. चि. आणि चि. सौ. कां. ची पट्टी वेगळी पीएनजी करून द्या, वॉल चालवणारा ऑपरेटर ती व्हीमिक्स सॉफ्टवेअरमध्ये लूपच्या वर ठेवतो. आडनावातली वेलांटी संध्याकाळी सहाला बदलायची वेळ आली तरी रेंडर परत करावा लागत नाही.

मंगलाष्टकांसाठी याच लूपची दुसरी फाईल देतो, तेच सगळं पण पाकळ्या नाहीत आणि उजेड निम्मा. अक्षता पडताना मागे पाकळ्याही पडत असल्या की गुरुजींकडे आणि अंतरपाटाकडे बघायचं सोडून नजर वॉलवर जाते. दोन्ही फाईल एकाच लांबीच्या असल्यामुळे ऑपरेटर हळूच फेड करून एकीवरून दुसरीवर जाऊ शकतो, एकत्र सुरू केल्या असतील तर माळाही जागच्या हलत नाहीत.

दुकानाचं गणित वेगळं. नौपाड्यातल्या साडीच्या दुकानात टीव्ही पेनड्राईव्हवर चालतो, तिथे लूप कितीही स्वच्छ असला तरी फाईल संपली की टीव्ही काळा होतो आणि कोपऱ्यात फाईलचं नाव दाखवतो. टीव्हीचा तो स्वभाव आपण बदलू शकत नाही, फक्त कमी वेळा घडवून आणू शकतो. लूप १८० वेळा जोडून एक तासाची फाईल करायची:

```
ffmpeg -stream_loop 179 -i loop.mp4 -c copy -an shop.mp4
```

-an ने ऑडिओ ट्रॅक निघून जातो. तो रिकामा असला तरी काढा, कारण त्याची लांबी व्हिडिओशी तंतोतंत जुळत नाही आणि जोडावर बारीक अडखळ येते. बिटरेट ८ एमबीपीएस ठेवला तर तासाची फाईल ३.६ जीबी होते, पेनड्राईव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाईल त्यात जातच नाही, म्हणून त्याच्यावर जाऊ नका. तासातून एकदा काळं होईल, ते दुकानदाराला आधीच सांगून ठेवा.