मिसळीची तर्री वर येत नाही? या चुका टाळा
तर्री वर आली नाही की बहुतेक जण तेलाची बाटली उचलतात. मीही बरीच वर्षं तेच करायचे. पण पातेल्यात तेल पुरेसं असतं, ते अडकलेलं असतं. तर्री येणार की नाही हे रश्श्यात पाणी पडायच्या आधीच, वाटण परततानाच ठरतं.

माझं पाच-सहा जणांचं प्रमाण असं: पाऊण वाटी तेल, दोन मध्यम कांदे, अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन मोठे चमचे बेडगी मिरचीचं तिखट, एक छोटा चमचा झणझणीत तिखट, दोन छोटे चमचे कांदा-लसूण मसाला आणि साधारण सव्वा लिटर पाणी. तेल बघून घाबरू नका, त्यातलं बरंचसं शेवटी वरच तरंगतं. ज्याला कमी हवं त्याला कमी वाढता येतं.

सगळ्यात जास्त घोटाळा खोबऱ्यात होतो. एकदा वीस माणसांची मिसळ होती. चव दाट यावी म्हणून मी सगळं चौपट केलं आणि खोबरं मात्र आठपट घातलं. रस्सा कुर्म्यासारखा झाला, रंग विटकरी, वर तेलाचा थेंब नाही. खोबऱ्याच्या बारीक कणांना तेल चिकटून बसतं, आणि कण जास्त झाले की ते वर यायचं नावच घेत नाही. ओलं खोबरं घातलं तर आणखी फजिती, कारण त्याचं दूध सुटून लाल रंग गुलाबट होतो. मिसळीला सुकंच खोबरं हवं.

ते भाजायचंही वेगळं, तेल न घालता, मंद आचेवर. कीस बदामी झाला की लगेच ताटात काढा. तापलेल्या कढईतच राहू दिला तर गॅस बंद असतानाही तो पुढे करपत जातो. चिमूटभर तोंडात टाकून बघा: गोडसर, खमंग लागला तर बरोबर. जिभेच्या मागे कडू लागला तर टाकून द्या आणि नवीन भाजा. हा कडवटपणा गुळाने झाकत नाही, मी करून पाहिलंय. कांदा मात्र थोड्या तेलात चांगला तपकिरी होऊ द्या, कच्चा राहिला तर रस्सा उग्र आणि गोडूस होतो.

आता तिखट. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून तिखट तेलातच पडायला हवं, पण धूर निघणाऱ्या तेलात नाही. आलं-लसूण परतून झालं की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग तिखट आणि मसाला घाला. तेल लालभडक होतं आणि बारीक फेस येतो. तो दिसला की लगेच भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण टाका. तिखट काळपट झालं, ठसका लागला, तर ते जळलं. रंगासाठी झणझणीत तिखट वाढवत नेणं हीही तशीच चूक. रंग बेडगीचा, तिखटपणा दुसऱ्या मिरचीचा, ही वाटणी सांभाळली की तोंड न भाजता तर्री लाल होते.

वाटण मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. इथे घाई नको. कालथ्याने मसाला एका बाजूला सारा: मोकळ्या जागेत लाल तेल ओघळून आलं तर तो तयार आहे. कोरडा, कालथ्याला चिकटणारा राहिला तर अजून नाही. मग कडकडीत गरम पाणी घाला, शक्यतो मटकी उकडलेलं. गार पाण्याने कढई एकदम गार पडते आणि सुटलेलं तेल पुन्हा मसाल्यात बसतं. एक उकळी आली की आच अगदी मंद करा आणि वीस मिनिटं हात लावू नका. खळखळ उकळवत ढवळत राहिलात तर तेल रश्श्यातच घुसळलं जातं.

तरीही तवंग आला नाही तर? आधी पेलाभर गरम मटकीचं पाणी घालून रस्सा सैल करा, मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. बऱ्याचदा एवढ्याने काम होतं. त्या वीस माणसांच्या दिवशी हे पुरलं नाही. मग छोट्या कढल्यात अर्धी वाटी तेल तापवलं, गॅस बंद करून जरा निवू दिलं, तीन चमचे बेडगीचं तिखट घातलं आणि वाढताना प्रत्येक वाटीवर चमचाभर सोडलं. दिसायला तर्री झाली. पण खालचा रस्सा दाटच होता, पाव बुडवला की खोबरंच वर यायचं.