जात्याचं वय काढताना या चुका टाळा

मामीच्या जात्याच्या वरच्या पेडावर, खुंट्याच्या भोकाशेजारी ‘१३४०’ कोरलंय. मामेभावानं गावभर सांगितलं, देवगिरीचे यादव बुडाले त्याच सुमाराचं जातं आहे म्हणून. पहिली चूक हीच: कोरलेला आकडा सरळ इसवी सन समजणं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि इथल्या सरकारी कागदांवर फसली साल पडायचं. हैदराबादी फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतं. साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणून १३४० फसली म्हणजे १९३०-३१. शके धरलं तर ७८ मिळवून १४१८ येतं. मामीच्या सासूबाईंचं लग्न १९३० च्या आसपासचं आणि जातं त्यांच्या आंदणातलं, तेव्हा फसलीच जुळतं. तरी तो आकडा कोरण्याचा, दगड घडवल्याचा नव्हे. आकड्याच्या रेघा जुन्या छिन्नीच्या खुणा कापून गेल्या असतील, तर कोरकाम नंतरचं.

दुसरी चूक, पातळ पेड म्हणजे जुनं जातं. पेड दळणानं झिजतं आणि टाकी लावल्यानंही झिजतं. दळून तोंड गुळगुळीत झालं की पीठ नीट पडत नाही. मग टाकीवाला छिन्नीनं पुन्हा खाचे पाडतो आणि दर वेळी दगडाचा थर जातो. रोज ज्वारी दळणारं जातं लवकर पातळ होतं, नुसती तुरीची डाळ भरडायचं छोटं जातं दोन पिढ्यांनीही जाडच राहतं. गावात गिरणी आली की झीज तिथंच थांबते. म्हणून झिजेवरून वापर कळतो, वय नाही. पेड एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं असेल, तर खुंटा बराच काळ एकाच भोकात होता असं समजा. फुटलेल्या भोकाशेजारी दुसरं भोक दिसलं तर जात्यानं बराच राबता पाहिलाय.

दगडावरून काळ ठरवू नका. आपल्याकडचा काळा पाषाण कोट्यवधी वर्षांचा. कालचं जातं आणि पणजीचं जातं त्याच दगडाचं. काळपट रंगावरही जाऊ नका, तेल-हळद मुरून नवा दगडही काळा होतो.

आणि तपासायच्या आधी टाकी लावून घेऊ नका, पुरावाच छिलून जातो. पेड उचलून खाली तळी बघा. मामीची तळी बारीक छिद्रांची, पांढरे खडे असलेली निघाली आणि पेड घट्ट, बिनछिद्राचं. व्यासही बोटभर कमी-जास्त. म्हणजे पेड कधीतरी बदललेलं. १३४० हा आकडा पेडापुरताच. तळी त्याआधीची असेल.